शेवटच्या पानावर निकाल कळतो?

"कोर्टाचा निकाल समजून घ्यायचाय? सरळ शेवटचं पान उघडा, आदेश तिथेच असतो. आधीची पानं वकिलांसाठी. आणि विरोधी मत तर वाचूच नका, ते हरलेलं असतं."

निकालाचा सारांश लिहायला बसलं की असा सल्ला हमखास मिळतो. आदेश तिथे असतो, हे खरं. पण २२ ऑगस्ट २०१७ च्या तिहेरी तलाकच्या निकालपत्राचं शेवटचं पान बघा. तिथे जेमतेम एक वाक्य आहे: वेगवेगळी मतं नोंदवली गेल्यामुळे ३ विरुद्ध २ अशा बहुमताने तलाक-ए-बिद्दतची, म्हणजे एकदम दिलेल्या तिहेरी तलाकची, प्रथा रद्द. का रद्द, ते त्यात नाही.

ते 'का' शोधायला मागे जावं, तर सुरुवातीचं भलंमोठं मत सरन्यायाधीश खेहर यांचं. न्या. नझीर त्यांच्याशी सहमत होते, पण हे दोघं अल्पमतात. तिहेरी तलाकला सहा महिने मनाई आणि संसदेने कायदा करावा, ही गोष्ट याच मतातली. त्या दिवशी काही वाहिन्यांनी तीच कोर्टाचा निकाल म्हणून चालवली! शिवाय या मतात दोन्ही बाजूंचे युक्तिवाद पानंच्या पानं मांडलेत. 'याचिकाकर्तीच्या वतीने असं सांगण्यात आलं' असं शेपूट असलेलं वाक्य उचलून 'कोर्ट म्हणालं' लिहिणारे कमी नाहीत.

आता बहुमत. न्या. नरिमन आणि न्या. लळित यांच्या मते पती लहर आली की क्षणात लग्न मोडू शकतो, समेटाला जागाच उरत नाही. म्हणून ही प्रथा मनमानी, समानतेची हमी देणाऱ्या अनुच्छेद १४ चा भंग करणारी, आणि १९३७ चा शरियत कायदा तिला मान्यता देतो तेवढ्यापुरता बाद. न्या. जोसेफ यांचा रस्ता वेगळा: ही प्रथा कुराणाच्याच विरोधात, म्हणून शरियतमध्ये बसत नाही. पण १९३७ चा कायदा तिहेरी तलाकचं नियमन करतच नाही, असंही ते म्हणाले. या मुद्द्यावर ते खेहर यांच्या बाजूला गेले.

म्हणजे प्रथेच्या विरोधात तिघं, पण कायद्याचा भाग बाद म्हणणारे दोघंच. 'कोर्टाने शरियत कायद्याचा भाग घटनाबाह्य ठरवला' असा सारांश चुकीचा ठरतो, आणि ते विरोधी मतासकट सगळी मतं वाचल्यावरच कळतं. म्हणून मतं मोजायची ती एकेका मुद्द्यावर. सारांशातल्या कारणमीमांसेत प्रत्येक न्यायमूर्तीला एक-दोन वाक्यं द्यावीत, तिघांचं मिळून एक कारण बनवू नये.

वस्तुस्थितीला मात्र दोन ओळी पुरतात: ऑक्टोबर २०१५ मध्ये पतीने एकदम तिहेरी तलाक दिला, पत्नीने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. तिने निकाह हलाला, म्हणजे पहिल्या पतीशी पुन्हा लग्न करण्याआधी दुसऱ्याशी लग्न करण्याची प्रथा, आणि बहुपत्नीत्वही मांडलं होतं, पण घटनापीठाने या वेळी सुनावणी तिहेरी तलाकपुरतीच घेतली. आदेशाखाली हे लिहिलं नाही, तर वाचणारा तिन्ही प्रथा रद्द झाल्या असं धरून चालतो.