रजिस्टर पावती म्हणजे मालाच्या किमतीची हमी नव्हे

“रजिस्टर पार्सल हरवलं तर पावती आणि ट्रॅकिंगचा कागद जोडून अर्ज द्या. टपाल खात्याला मालाची पूर्ण किंमत द्यावीच लागते. नाही दिली तर ग्राहक आयोगात जा.”

पार्सल हरवलं की असा सल्ला मिळतो. यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे, पुढची दोन लोकांना फसवतात.

समजा, फेब्रुवारी 2024 मध्ये सांगलीहून नागपूरला 2,400 रुपयांचे तासगावचे बेदाणे रजिस्टर पार्सलने पाठवले. पावतीवर क्रमांक, वजन, घेतलेलं शुल्क, पत्ता आणि तारीख असते. आत काय होतं आणि त्याची किंमत किती, हे कुठेच नसतं. किमतीची नोंद हवी असेल तर पार्सल टाकतानाच काउंटरवर विमा करावा लागतो. विमा असेल तर विम्याच्या रकमेच्या मर्यादेत प्रत्यक्ष नुकसान मागता येतं. विम्याशिवाय हरवलेल्या रजिस्टर पार्सलला तेव्हा जास्तीत जास्त 100 रुपये मिळत, तेही सानुग्रह. दुकानाचं बिल कितीही पक्कं असलं तरी ही मर्यादा वाढत नाही.

ग्राहक आयोगाची धमकीही भरवशाची नाही. 1898 च्या टपाल कायद्याच्या कलम 6 ने खात्याला स्वतः मान्य केलेल्या जबाबदारीपलीकडे मोकळं ठेवलं होतं. 18 जून 2024 पासून लागू झालेल्या 2023 च्या कायद्यातही नियमांत ठरवलेली असेल तेवढीच जबाबदारी खात्यावर आहे. कलम 6 नुसार कर्मचाऱ्यानं फसवणूक केली किंवा मुद्दाम कसूर केली असेल तर तो जबाबदार धरला जाई. पण ट्रॅकिंगची नोंद मध्येच थांबली, एवढ्यानं ते सिद्ध होत नाही.

ट्रॅकिंग नीट वाचा. शेवटची ओळ “Item Dispatched” असेल तर पार्सल निघाल्यावर पुढे त्याची नोंद झाली नाही, एवढंच कळतं. “Item Delivered” दिसूनही नागपूरकरांना मिळालं नसेल, तर भरपाईआधी कोणाच्या सहीनं दिलं त्याची प्रत मागा. दोन्ही वेळा पत्र वेगळं लिहावं लागतं. शिवाय भरपाई पाठवणाऱ्यानं मागायची असते. नागपूरच्या नातेवाइकांनी ती मागायची तर तुमचं लेखी पत्र सोबत हवं.

म्हणून नोंद मध्येच थांबली असेल, तर डाकघर अधीक्षक, सांगली विभाग यांना असं लिहा:

“दि. … रोजी … डाकघरातून पाठवलेले रजिस्टर पार्सल क्र. CM…IN, वजन … ग्रॅम, … यांना मिळालेले नाही. ट्रॅकिंगवर दि. … नंतर नोंद नाही. चौकशी करून ते कुठे थांबले ते लेखी कळवावे. हरवले असल्यास नियमानुसार देय भरपाई द्यावी. सोबत: पावतीची व ट्रॅकिंगची प्रत, पाठवणाऱ्याचे ओळखपत्र.”

मूळ पावती स्वतःकडेच ठेवा, पाहायला मागितली तर दाखवा. ट्रॅकिंगची प्रत मात्र आजच छापून घ्या, कारण ती नोंद संकेतस्थळावर कायम राहत नाही. आणि अर्जाच्या तुमच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.