आयता इंडेक्स घेऊन ओपन बुकला बसणाऱ्यांसाठी

"सीए फायनलचा पेपर ६ ओपन बुक आहे, टेन्शन घेऊ नका. १) वाचत बसायची गरज नाही, सगळं पुस्तकात सापडतं. २) प्रत्येक महत्त्वाच्या पानाला टॅब लावा, जितके जास्त तितकं चांगलं. ३) इंडेक्स बनवण्यात वेळ घालवू नका, सोबतच्या पीडीएफची प्रिंट काढा. ४) प्रत्येक विषयाला वेगळा रंग द्या. ५) सगळे मॉड्युल घेऊन जा. सर्व सीए मित्रांना पाठवा."

पाठवलं, आणि ते माझ्या भाचीपर्यंत पोचलं. "मामा, हे बरोबर आहे ना?" असं विचारलं तेव्हा तिने पीडीएफ छापून, स्पायरल करून आणलेलीही होती. म्हणून हा खटाटोप.

सगळ्यात घातक मुद्दा तिसरा, त्यामुळे सुरुवात तिथून. ती पीडीएफ मी पाहिली. कुणीतरी कष्टाने केली आहे, पण स्वतःसाठी. आयसीएआयच्या स्टडी मटेरियलमध्ये पानांचे आकडे प्रकरणवार असतात. ५.२३ म्हणजे पाचव्या प्रकरणाचं तेविसावं पान. आता पाचवं प्रकरण एफआरलाही आहे, ऑडिटलाही आहे आणि जीएसटीलाही आहे. पीडीएफमध्ये नुसतंच '५.२३' लिहिलंय. कुठल्या पुस्तकाचं? ज्याने लिहिलं त्याला ठाऊक. शिवाय आवृत्ती बदलली की पानं सरकतात, आणि क्लासच्या नोट्स वापरणाऱ्याला तर या आकड्यांचा काहीच उपयोग नाही.

त्याहून वाईट गत टॅक्सच्या भागाची. त्यातले सगळे संदर्भ १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारा कायदा. त्यात ५३६ कलमं आहेत आणि जुने कलम-क्रमांक त्यात टिकलेले नाहीत. आपल्या अटेम्प्टला कुठला कायदा लागू आहे ते आयसीएआयच्या सूचनेत बघून इंडेक्स करायचा असतो. फॉरवर्डवर कुठे तारीखसुद्धा नाही.

"पण मग पुस्तकाची अनुक्रमणिका असतेच की," असं भाची म्हणाली. असते, पण प्रकरणांच्या क्रमाने. या पेपरात पाच केस स्टडी येतात, चार सोडवायच्या, वेळ चार तास. केस धड्यांच्या क्रमाने चालत नाही, घडलेल्या गोष्टी सांगत जाते. उदाहरणार्थ: कंपनीने गोडाऊन भाड्याने घेतलं, मालक एक भागीदारी फर्म, आणि त्या फर्ममध्ये कंपनीच्या संचालकाची बायको भागीदार. एवढ्या एका वाक्यावर पाच विषय उभे राहतात. कंपनी कायद्यात कलम १८८, ऑडिटमध्ये एसए ५५०, एफआरमध्ये इंड एएस २४, आयकरात (१९६१ च्या कायद्यापुरतं) ४०ए(२), आणि जीएसटीत कलम १५ खालची संबंधित व्यक्तीची व्याख्या व मूल्यांकनाचा नियम २८. ही पाच ठिकाणं एका ओळीत आणून देणारी अनुक्रमणिका कुठल्याच पुस्तकात छापलेली नसते. ती तुम्हीच करायची.

माझ्या मते त्या तक्त्याला तीन रकाने पुरतात: शब्द, पान, आणि एक ओळ खूण. शब्द केसमध्ये येईल तसा घ्यायचा. 'रिलेटेड पार्टी' ही नोंद हवीच, पण 'संचालकाचा नातेवाईक' आणि 'भाडं, संचालकाच्या फर्मला' याही हव्यात, तिन्ही त्याच पानांकडे नेणाऱ्या. पानापुढे विषयाचं अक्षर लावायचं, म्हणजे कंपनी कायद्यासाठी 'कं', ऑडिटसाठी 'ऑ'. खुणेत पान उघडल्यावर आधी काय बघायचं ते लिहायचं. १८८ समोर मी लिहीन: "नेहमीचा धंदा? बाजारभाव? दोन्ही हो असेल तर १८८ ची मंजुरी नाही. नसेल तर बोर्ड. भाडं उलाढालीच्या १० टक्के किंवा जास्त असेल तर सभासदांचा ठराव." आणि खाली एक इशारा, की 'संबंधित' कोण याची व्याख्या पाचही ठिकाणी एकसारखी नाही. एमसीक्यू नेमका तिथेच पाडतो. नोंदी एक्सेलमध्ये भरून अकारविल्हे लावायच्या आणि प्रिंट गठ्ठ्याच्या वर ठेवायची. तीन-चार पानांपलीकडे गेली की तो इंडेक्स राहत नाही, आणखी एक नोट्सची वही होते.

स्वतःच्या छापील नोट्स असतील तर प्रिंटआधीच फूटरमध्ये सलग पान क्रमांक टाका. नंतर अमेंडमेंटचं पान घुसवावं लागलं तर ते ४५-अ, ४५-आ. पुढचे आकडे बदलायचे नाहीत, नाहीतर सगळा तक्ता चुकतो.

आता टॅब. ए४ कागदाची लांब कड २९.७ सेंटिमीटर. बारीक टॅब साधारण सव्वा सेंटिमीटर रुंद, मध्ये थोडी फट धरली की एका गठ्ठ्याला वीसच्या आसपास टॅब वेगळे दिसतात. त्यानंतरचे आधीच्यांच्या मागे लपतात. भाचीच्या ऑडिटच्या वहीची कड सोललेल्या मक्याच्या कणसासारखी दिसत होती आणि एसए ५५० काढायला सांगितलं तर ती टॅब बाजूला सारत बसली. म्हणून टॅब फक्त प्रकरणांना. वरून खाली, पानांच्या क्रमाने, म्हणजे मधलं प्रकरण हवं तर हात आपोआप मध्ये जातो. आतलं नेमकं पान तक्ता सांगेल. लावायचे स्पायरल झाल्यावरच, आणि नाव दोन्ही बाजूंना. प्लास्टिकवर बॉलपेन पुसलं जातं, मार्कर वापरा. चिकटवलेल्या भागावरून सेलोटेपची पट्टी फिरवा, नाहीतर दप्तरातून काढतानाच दोन-चार गळतात.

रंगाचं म्हणणं बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करतो. विषयाला एक रंग ठेवला आणि तक्त्यातल्या त्या विषयाच्या पानांना तोच हायलाइटर मारला तर गठ्ठा पटकन हाती येतो. महत्त्वासाठी वेगळा रंग, उदाहरणांसाठी वेगळा, असं सुरू केलं की मात्र रंगांचाच तक्ता लागेल.

न वाचता सापडतं म्हणणाऱ्याने हिशेब करावा. २४० मिनिटांत १०० गुण, म्हणजे दोन गुणांच्या एमसीक्यूला पाच मिनिटंही नाहीत, आणि त्यात केस वाचणंही आलं. वीस एमसीक्यूंना दोन-दोन मिनिटं शोधण्यात घातली तर चाळीस मिनिटं गेली, लिहायचं अजून बाकीच. गोडाऊनच्या वाक्यात १८८ दडलंय हे ज्याला जाणवतच नाही, तो तक्त्यात शोधणार तरी काय?

इंडेक्स जमलाय की नाही हे कळायला एक मॉक टेस्ट पेपर पुरतो. घड्याळ लावून सोडवा. जो शब्द तक्त्यात शोधला आणि मिळाला नाही, तो त्याच क्षणी पेन्सिलने समासात लिहा आणि पेपर संपल्यावर एक्सेलमध्ये भरा. पान उघडूनही एका मिनिटात उत्तर दिसलं नाही तर खुणेची ओळ बदला. भाचीच्या पहिल्या मॉकनंतर समास भरून गेला होता, आणि त्यातले बरेचसे शब्द केसमधले साधे व्यवहाराचे होते: 'भेट दिलेला माल', 'परत आलेला चेक', 'मालकाने घरी नेलेला लॅपटॉप'.

राहिला पाचवा मुद्दा. सगळे मॉड्युल न्यायला हरकत नाही, परीक्षेच्या सूचनांत बसत असेल ते न्या. पण बाकावर तक्ता, उत्तरपत्रिका आणि एक उघडी वही एवढंच मावतं. बाकीचं पायाशी ठेवा, कणे वर करून, म्हणजे वाकल्याबरोबर रंग दिसेल.