रिंगलाईट घेऊ नका, आधी ट्यूबलाईट बंद करा

आमच्या वहिनी करवंटीचे वाटे म्हणजे वाडगे करतात, फोंड्याला घरीच, आणि त्यांच्या ऑनलाईन दुकानाचे व्हिडिओ काढायचं काम दोन वर्षं माझ्याकडे आहे. तर आज जरा तोंड सोडून लिहितो कारण परवा अजून एकीने विचारलं, रिंगलाईट कुठला घेऊ? कुठलाच नको गो बाय!

आम्ही घेतला होता ना. करवंटी घासून घासून गुळगुळीत केलेली, वरून खोबरेल तेलाचा हात, आणि आकार गोल, म्हणजे जवळजवळ आरसाच. समोर रिंगलाईट लावला की वाट्याच्या पोटावर पांढरी गोल चकती उमटते, वाटा जरा फिरवला तरी ती जागची हलत नाही, बघणाऱ्याचं लक्ष तिच्यावरच. शिवाय उजेड कॅमेऱ्याच्याच बाजूने आला की सावलीच पडत नाही, मग करवंटीच्या बारीक रेषा, ते काळे-तपकिरी ठिपके सगळं सपाट. हाताने केलंय हे ज्याच्यावरून कळतं तेच गायब, मग प्लास्टिकचा वाटा काय वाईट.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. वहिनींच्या माहेरचं जुनं घर आहे, तिथल्या खिडक्यांना अजून शिंपल्यांची तावदानं आहेत. काचेच्या आधी गोव्यात हीच लावायचे, त्यातून ऊन गाळून दुधासारखं मऊ होऊन आत येतं. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी खिडकीवर पांढरं पातळ धोतर ताणून लावा, काम तेच. टेबल असं ठेवायचं की उजेड वाट्याच्या कुशीवर येईल, समोरून नाही आणि पाठीमागूनही नाही. मग वाट्याचा आतला अर्धा भाग काळोखात जातो, म्हणून पलीकडच्या बाजूला वीतभर अंतरावर थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करायचा, चतुर्थीच्या मखरातला उरलेला असतोच घरात. तो पुढे-मागे सरकवून बघा, आतल्या रेषा दिसायला लागल्या की थांबा, अगदी जवळ आणला तर सावली पूर्ण जाते आणि परत सपाट.

आणि घरातले सगळे दिवे बंद. हे लोक ऐकत नाहीत! खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा, फोनला कळत नाही कुठला खरा धरू. आमचा एक वाटा ह्याच कारणाने परत आला, व्हिडिओत मधासारखा दिसला आणि पार्सलात निघाला गडद तपकिरी. चूक आमचीच होती, बाईला काय बोलणार. दुसरं म्हणजे आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो, डोळ्याला दिसत नाही पण स्लो मोशनमध्ये तेल ओततानाचा शॉट नुसता लुकलुकतो.

पांढऱ्या कापडावर वाटा ठेवाल तर फोनला वाटतं फार उजेड आहे, तो सगळंच काळं करतो. वहिनी म्हणाल्या, "हें इतलें काळें कित्याक दिसता, जळ्ळां काय?" तेव्हापासून खाली गोणपाट. मग वाट्यावर बोट दाबून धरायचं म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात (आयफोनवर AE/AF LOCK येतं, बाकी बऱ्याच फोनवर कुलूप दिसतं), नाहीतर हात आत आला की चित्र मंद, हात गेला की परत लख्ख, बघवत नाही.

अँगलचं म्हणाल तर अगदी वरून काढू नका, वाटा थाळीसारखा दिसतो, खोली कळत नाही. साधारण ४५ अंशातून, म्हणजे जेवायला बसल्यावर आपण पानातली वाटी बघतो तसं, आतलं आणि बाहेरचं दोन्ही दिसतं. आणि फोन वाट्याला चिकटवू नका! तो हातभर मागे न्या आणि २x करा. जवळून साध्या लेन्सने काढलं की पुढची कड फुगते, आमचा ११ सेंटीमीटरचा वाटा कढईएवढा दिसायचा आणि मग "फोटोत मोठा होता" म्हणून मेसेज. आता पहिल्याच शॉटमध्ये वहिनींचा हात असतो, तळव्यावर वाटा.

डेमो म्हणजे फक्त फिरवून दाखवणं नव्हे हां. करवंटीचं बूड गोल, खाली करवंटीचीच कडी चिकटवलेली असते, तर लोकांना शंका तिचीच. म्हणून वाटा टेबलावर ठेवायचा, कडेला बोटाने टिचकी मारायची, तो डुलत नाही हे दिसू दे, न कापता. मग सोलकढी ओतायची, गुलाबी रंग तपकिरीवर काय उठून दिसतो, आणि अर्ध्या मिनिटाने उचलून खालचं गोणपाट कोरडं दाखवायचं. गरम आमटी आम्ही मुद्दाम दाखवत नाही, वहिनी तो वाटा गरमासाठी विकतच नाहीत.

पावसाळ्यात पूर्ण ढगाळ दिवस असेल तर बिनधास्त काढा, उजेड सगळीकडून सारखा असतो. वैताग आहे तो ऊन-पावसाच्या खेळाचा, लॉक केलेलं असतं आणि ढग सरकला की अर्धा शॉट करपतो. काल तसंच झालं, चार वेळा सोलकढी ओतली, चार वेळा मीच प्यायलो, पाचव्याला संपलीच होती.