कन्सीलर डोळ्याच्या कडेपर्यंत नेऊच नका

"डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या लपवायची पार्लरवाल्यांची ट्रिक! आधी सिलिकॉन प्रायमरने रेषा भरून घ्या. मग त्वचेपेक्षा दोन शेड उजळ कन्सीलर डोळ्याखाली मोठ्या त्रिकोणात, थेट कडेच्या रेषांपर्यंत लावा. वर भरपूर पावडर दाबून दहा मिनिटं ठेवा आणि झटकून टाका. चाळिशीनंतर लायनर आणि शिमर बंद. दिवसभर एक रेष दिसणार नाही. सगळ्या मैत्रिणींना पाठवा."

गेल्या लग्नसराईत तीन वरमायांनी खुर्चीत बसल्या बसल्या मला हा मेसेज दाखवला आणि "असंच करा" म्हणाल्या. मी सोळा वर्षं नाशिकला लग्नांचे मेकअप करते. नवरीपेक्षा तिची आई, मावशी, आत्या यांचेच चेहरे माझ्या हाताखालून जास्त जातात. यातल्या जवळजवळ प्रत्येक पायरीने त्या चेहऱ्यांवरच्या रेषा आधीपेक्षा खोल दिसलेल्या मी पाहिल्या आहेत.

सुरुवात त्रिकोणापासून करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. डोळ्याभोवती गोल फिरणारा एक स्नायू असतो. डोळा मिटतो तो त्याच्यामुळे, आणि मनापासून हसताना डोळे बारीक होतात तेही त्याच्यामुळेच. द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्येच मांडलं होतं की ओठांवर हसू मुद्दाम आणता येतं, पण डोळ्याभोवतीचा हा स्नायू खऱ्या आनंदाच्या हसण्यात आकसतो. तो आकसला की वरच्या कातडीला घड्या पडतात आणि त्या बाहेरच्या कोपऱ्यातून पंख्यासारख्या पसरतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये याच रेषांसाठी बोटॉक्सला मंजुरी दिली. ते इंजेक्शन रेष भरत नाही, स्नायू सैल करतं.

म्हणजे ही रेष भिंतीतल्या भेगेसारखी नाही की लांबी भरली आणि काम झालं. ती निरीच्या घडीसारखी आहे. कडक खळ घातलेल्या पातळाची घडी सतत मोडत राहिलात तर खळ नेमकी घडीवरच तडकते. कडेच्या रेषांवर कन्सीलर लावला की तेच होतं. प्रत्येक हसण्याबरोबर तो घडीत ढकलला जातो, तिथे साचतो, आणि चेहरा शांत झाला तरी साचलेली रेघ तशीच राहते. बिनमेकअपची रेष हसणं थांबल्यावर निदान फिकी तरी पडते.

म्हणून मी एक हद्द ठरवून घेतली आहे. आरशात सरळ बघायचं आणि बुबुळाच्या बाहेरच्या कडेपासून गालापर्यंत एक उभी रेघ मनात ओढायची. कन्सीलर त्या रेघेच्या आत, नाकाच्या बाजूलाच राहतो. बहुतेकींचा काळसरपणा तिथेच असतो, आतल्या कोपऱ्यात आणि तिथून तिरप्या उतरणाऱ्या खोलगट भागात. बाहेरच्या कोपऱ्यापाशी फाउंडेशनचा जो हात फिरलेला असतो, तेवढाच पुरतो. कन्सीलर किती, तर दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या एका दाण्याएवढा. तो हाताच्या पाठीवर घेऊन बोटाने थोडा ऊबदार करायचा आणि करंगळीशेजारच्या बोटाने टिपत टिपत लावायचा. ओढायचा नाही.

आता शेड. सुरकुती दिसते ती रंगामुळे नाही, सावलीमुळे. घडीच्या तळाशी उजेड कमी पोचतो, म्हणून ती गडद दिसते. आजूबाजूची कातडी दोन शेड उजळ केली की सावली होती तेवढीच राहते आणि फरक मात्र वाढतो. डोळ्याखाली जराशी सूज असेल तर तोही फुगवटा पुढे येतो. आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यांवर आणखी एक अडचण होते. डोळ्याखालचा काळसरपणा तपकिरी किंवा निळसर असतो, आणि त्यावर थेट उजळ रंग चढवला की तो भाग राख फासल्यासारखा करडा दिसतो. तो झाकायला मग बायका दुसरा थर देतात, आणि घडीत साचायला तेवढा जास्त माल मिळतो. गव्हाळ रंगाला पीच आणि सावळ्या रंगाला नारिंगी करेक्टर अगदी पातळ टिपून घ्या. मग चेहऱ्याच्या रंगाचाच कन्सीलर थोडक्यात काम करतो. शेड दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली ठरवू नका, दाराशी येऊन दिवसाच्या उजेडात बघा.

पावडर दाबून ठेवण्याची पद्धत, जिला बेकिंग म्हणतात, ती रंगमंचावरून आली आहे. तिथे दिवे प्रखर असतात आणि बघणारा लांब बसलेला असतो. लग्नात विहीणबाई हातभर अंतरावरून बोलतात. शिवाय डोळ्याखालची कातडी चेहऱ्यावर सगळ्यात पातळ असते, साधारण अर्ध्या मिलिमीटरची, आणि तिथे तेलग्रंथीही फार कमी असतात. पावडरचं काम तेल आणि ओल शोषणं. तिथे आधीच तेल नाही, मग ती कन्सीलरमधली ओल ओढून घेते आणि तो सुकून बारीक भेगाळतो.

एका वरमाईंना हे पटेना. चोपन्न वर्षांच्या, अगदी हसऱ्या बाई. लग्नाच्या दोन आठवडे आधी ट्रायलला आल्या तेव्हा मी म्हटलं, "ताई, डावा डोळा मेसेजप्रमाणे करते, उजवा माझ्या पद्धतीने. चहा घ्या, गप्पा मारा, मग बघू." चाळीस मिनिटांनी त्यांना खिडकीशी नेलं. डाव्या बाजूला पाच रेषा पांढऱ्या भरून आल्या होत्या आणि डोळ्याखाली चिरा पडल्या होत्या. उजव्या बाजूला आल्या तेव्हा होत्या त्या तीनच, फिक्या. मग त्यांच्या लेकीने फोनचा फ्लॅश लावून फोटो काढला. डाव्या डोळ्याखाली पांढरा डाग! सिलिका जास्त असलेली पावडर जाड लावली की फ्लॅशचा उजेड परत फेकते. आरशात तो डाग दिसत नाही, अल्बममध्ये कायमचा राहतो.

लग्नाच्या दिवशी त्यांना असं केलं. डोळ्याखाली मुगाच्या दाण्याएवढं हलकं जेल मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं तशाच बसू दिलं. उरलेलं टिश्यूने टिपून घेतलं, कारण खाली चिकट थर राहिला तर वरचं सगळं घसरतं. मग पीच करेक्टर, मग कन्सीलर, दोन्ही त्या उभ्या रेघेच्या आत. मिनिटभर थांबून म्हटलं, "आता मोकळेपणी हसा." हसल्यावर कन्सीलर जिथे गोळा झाला, तिथे कोऱ्या बोटाने टिपून जास्तीचा उचलला. हे दोनदा केलं. शेवटी बारीक मऊ ब्रश पावडरीत बुडवून टिश्यूवर झटकला आणि जिथे गोळा झालं होतं तेवढ्याच जागी टेकवला. कडेच्या रेषांवर पावडर लावलीच नाही. हसवून उचलायची ही पायरी पावडरच्या आधीच हवी. पावडर बसल्यावर घडीतला कन्सीलर उचलायला गेलात तर तो खपलीसारखा निघतो.

मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत पावडर थोडी जास्त लागते, हे खरं आहे. तरी तीही कडेला नको.

लायनर बंद करायचं काही कारण नाही, काढायची पद्धत मात्र बदलायला हवी. आपण कातडी कानाकडे ताणून धरतो आणि छान सरळ शेपूट काढतो. बोट सोडलं की कातडी घडीत परत जाते, शेपूट नागमोडी होतं आणि प्रत्येक वळण एकेक सुरकुती दाखवतं. आरसा समोर, हनुवटी सरळ, डोळे उघडे, चेहरा सैल ठेवा आणि पापणीचे केस संपतात त्याच्या जरा आधी रेघ थोडी वर वळवून थांबवा. ओल्या लायनरपेक्षा पेन्सिल घेऊन ती चपट्या ब्रशने पसरवली तर काठ मऊ राहतो, आणि मऊ काठावर कातडीची लहर दिसत नाही. काजळाचं मात्र जपून. खालच्या पापणीच्या आत भरलेलं काजळ दोन तासांत बाहेरच्या कोपऱ्यात जमतं आणि तिथून रेषांमध्ये उतरतं. मी खालच्या बाहेरच्या टोकाकडचा एक तृतीयांश भाग कोराच ठेवते.

शिमरबद्दलचा इशारा निम्मा बरोबर आहे. जाड चमकीचे कण सुरकुतलेल्या जागी वेगवेगळ्या कोनांतून चमकतात आणि कातडीचा प्रत्येक चढउतार दाखवतात. पण सॅटिनसारखी बारीक झळाळी, फक्त वरच्या पापणीच्या मध्यावर, डोळा उघडा ठेवते. पैठणीच्या काठाशेजारी तर ती सुरेखच दिसते. उलट अगदी कोरडी मॅट शॅडो पातळ पापणीवर कागदासारखी दिसते.

प्रायमरचं थोडक्यात. सिलिकॉनचा प्रायमर स्थिर, बारीक खडबडीतपणावर खरंच गुळगुळीत पडदा धरतो. हलत्या घडीत तो टिकत नाही, आणि वर पाण्यावर आधारलेला कन्सीलर आला तर दोन्हींचे शेवयांसारखे लोळ निघतात. आधी दोन्ही हाताच्या पाठीवर एकावर एक चोळून बघा. लोळ निघाले तर ती जोडी डोळ्याखाली नेऊ नका.

नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत येणाऱ्या हसण्याच्या रेषांना मेसेजने हातही लावलेला नाही, पण बायका तिथेही हीच ट्रिक करतात. ती खरी घडी आहे, गालाचा भार तिच्यावर येतो. फाउंडेशन लावून झाल्यावर ओठांचा ओ करून कोऱ्या ओलसर स्पंजने घडीतलं फाउंडेशन उचलून घ्या. एवढंच. घडीत उजळ कन्सीलरची बारीक रेघ ओढली तर एका जागी बसून काढलेल्या फोटोत सावली कमी दिसते, पण हसलं की तीच रेघ दुमडून पांढरी दिसते.

एक रेषही दिसणार नाही, असं मी कुणालाच सांगत नाही. त्या वरमाई मंगलाष्टकांच्या वेळी डोळे भरून हसत होत्या आणि फोटोत त्यांच्या रेषा आहेत, आल्या तेव्हा होत्या तेवढ्याच. दुपारी साडेतीनला, रिसेप्शनच्या आधी, डोळ्याखाली थोडं गोळा झालेलं दिसलं. त्यांनी पर्समधून पावडर काढली, मी ती परत ठेवायला लावली. कान साफ करायच्या कापसाच्या काडीवर मॉइश्चरायझरचा एक थेंब घेतला, काडी घडीवरून एकदा फिरवली, बोटाने टिपलं, आणि त्या साडी बदलायला गेल्या.