"सीडीच्या मोहात पडू नका" म्हणे

"व्यापारी मित्रांनो!! 1) सप्लायरची उधारी म्हणजे बिनव्याजी भांडवल, ताणता येईल तेवढी ताणा, सीडीच्या मोहात पडू नका. 2) बँकेची सीसी म्हणजे गळफास. 3) गिऱ्हाईकाने पैसे थकवले तर घाबरू नका, 45 दिवसांनंतर कायद्याने तिप्पट व्याज मिळतं. 4) अगदीच अडलं तर रोजच्या वसुलीचं घ्या, शेकडा दहाच पडतात, कागदपत्रं नाहीत. जास्तीत जास्त शेअर करा."

हे मला तीन ग्रुपवर आलं तेव्हा मी सोडून दिलं होतं. सीडी म्हणजे कॅश डिस्काउंट, लवकर पैसे दिले की बिलात मिळणारी सूट, आणि सीसी म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट, लागतील तसे उचलायचे पैसे. पण माझ्या आतेभावाचं मिरजेत पाइप-फिटिंग आणि हार्डवेअरचं दुकान आहे, त्याने हे वाचून सीसी रिन्यूच केली नाही आणि चौथ्या मुद्द्यातलं औषध घेऊन आला. मी चार दुकानांची टॅली लिहितो, त्यातलंच एक त्याचं, त्यामुळे त्याने काय केलंय ते मला एंट्री मारताना कळलं. मग डोकं फिरलं, म्हणून हे लिहितोय.

चौथ्यापासूनच सुरू करतो, कारण नुकसान तिथे झालंय.

आतेभावाने, त्याला मी दादा म्हणतो, एक लाखाचं घेतलं. हातात आले नव्वद हजार, दहा आधीच कापले. मग रोज संध्याकाळी मोटरसायकलवर एक पोरगा येतो, हजार रुपये घेतो, छोट्या कार्डावर सही करतो, असे शंभर दिवस. दादा म्हणाला, "शंभर दिवसांचे दहा टक्के, म्हणजे महिन्याचे तीन. सीसीपेक्षा थोडं जास्त, पण कटकट नाही." इथेच सगळे फसतात. नव्वद हजार तुझ्याकडे शंभर दिवस राहतच नाहीत ना! दुसऱ्या दिवसापासून ते परत जायला लागतात, पन्नासाव्या दिवशी निम्मे गेलेले असतात. म्हणजे सरासरी धरली तर तू शंभर दिवस साधारण पंचेचाळीस हजार वापरलेस आणि त्यावर दहा हजार मोजलेस. शंभर दिवसांत बावीस टक्के, वर्षाला ऐंशीच्या आसपास. आणि ज्या कारणासाठी घेतले तेच मुळात जुळत नाही. थकलेल्या बिल्डरचे पैसे कधीतरी एकरकमी येणार, आणि परतफेड उद्यापासून रोज. ज्या दिवशी गल्ल्यात हजार नसतात त्या दिवशी तो पोरगा आदल्या दिवशीच्या विक्रीतले, म्हणजे डिस्ट्रिब्युटरला द्यायचे पैसे घेऊन जातो. एक खड्डा बुजवायला दुसरा खणला, एवढंच झालं. शिवाय "कागदपत्रं नाहीत" ही कौतुकाची गोष्ट कशी? महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे व्याजाने पैसे द्यायला परवाना लागतो. त्या पोराच्या मालकाला परवाना दाखव म्हणून बघा.

आता पहिला मुद्दा. यात अर्धं खरं आहे ते आधी मान्य करतो, नाहीतर म्हणाल हा बँकेचा माणूस आहे. ज्या सप्लायरकडे रोख आणि उधार एकच भाव आहे, त्याच्याकडून तीस दिवस मिळत असतील तर तीस दिवस घ्याच, एकोणतिसाव्या दिवशी द्या, त्यात मूर्खपणा काही नाही.

पण दादाच्या डिस्ट्रिब्युटरचा भाव एक नाहीये. सात दिवसांत दिले तर तीन टक्के सीडी, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण. दोन लाखांचं बिल धरू, जीएसटी बाजूला ठेवून. सातव्या दिवशी दिले तर 1,94,000. तिसाव्या दिवशी दिले तर 2,00,000. म्हणजे 1,94,000 रुपये तेवीस दिवस वापरायचे सहा हजार. वर्षाचा दर काढला तर जवळपास 49 टक्के! हे "बिनव्याजी" कुठल्या शाळेत शिकवतात? ते बिलावर व्याज म्हणून छापलेलं नसतं, एवढाच काय तो फरक.

सीसीतून 11 टक्क्यांनी उचलले असते तर तेच 1,94,000 तेवीस दिवसांना 1,345 रुपयांच्या आसपास पडले असते. सहा हजार वाचवायला साडेतेराशे खर्च, साडेचार हजारांच्या वर खिशात, एका बिलावर. आणि दादा महिन्याला अशी दोन-तीन बिलं करतो.

पण हेच गणित महिना शेकडा तीनच्या सावकारावर करून बघा. तेवीस दिवसांसाठी तो महिना मोडून देत नाही, पूर्ण महिन्याचं घेतो, 5,820. सहा हजार वाचवायला 5,820 दिले, उरले 180 रुपये, आणि आठ दिवस उशीर होऊन दुसरा महिना लागला की उलटे खिशातून. म्हणजे सीडीसाठी कर्ज घ्यावं की नाही हे कर्ज कुठलं आहे यावर ठरतं, "मोह" वगैरे काही नसतो त्यात.

"ताणा" म्हणणाऱ्यांचं एक मात्र आकड्यात बरोबर येतं. तेच बिल साठ दिवसांनी दिलं तर बुडालेल्या सीडीचा दर 21 टक्क्यांवर येतो, नव्वद दिवसांनी 14 च्या खाली. दिसायला स्वस्त होत जातं. पण डिस्ट्रिब्युटर काय डोळे मिटून बसलाय का? दुसऱ्यांदा साठ दिवस झाले की सेल्समन ऑर्डर घेतो पण गाडी येत नाही, स्कीमचा माल दुसऱ्या दुकानात उतरतो, आणि तुमचा रेट दोन टक्क्यांनी वर असतो जे तुम्हाला कळतसुद्धा नाही, शेजारच्या दुकानदाराचं बिल बघेपर्यंत. आणि फारच ताणलं, बिलाच्या तारखेपासून 180 दिवस उलटले, तर त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट व्याजासकट परत भरावं लागतं. पैसे दिल्यावर क्रेडिट पुन्हा घेता येतं, भरलेलं व्याज येत नाही.

तिसरा मुद्दा वाचून तर दादाने थकलेल्या बिल्डरला फोन करायचंच बंद केलं होतं, "व्याज वाढतंय ना" म्हणे! कायदा आहे, खोटं नाही. 2006 चा एमएसएमईडी कायदा, कलम 15 आणि 16. लेखी करार नसेल तर पंधरा दिवस, करार असला तरी जास्तीत जास्त 45, त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. फक्त तो माल बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी आहे. दुकानदारांना 2 जुलै 2021 च्या केंद्राच्या पत्राने उद्यम नोंदणी मिळाली, पण त्या पत्रातच लिहिलंय की फायदा फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. थकलेल्या पैशावरच्या व्याजाचा त्यात समावेश नाही. दादा पाइप विकतो, बनवत नाही. त्याला तिप्पट सोडा, एकपटसुद्धा या कायद्याने मिळत नाही. बिलावर स्वतःची व्याजाची अट छापली असेल तर तेवढ्यावर भांडता येईल, तीही त्याच्या बिलावर नव्हती. उलट गंमत अशी की तो ज्या लहान कारखान्याकडून क्लॅम्प आणि नळाच्या चकत्या घेतो, तो कारखाना नोंदलेला सूक्ष्म उद्योग आहे. म्हणजे त्याचे पैसे ताणले तर हेच कलम दादाच्या अंगावर येतं. फॉरवर्डचा पहिला आणि तिसरा मुद्दा एकमेकांच्या छातीवर बसलेत, लिहिणाऱ्याला पत्ताच नाही.

राहिली सीसी. गळफास होऊ शकते, नाही कोण म्हणतंय. पण ती हप्त्याचं कर्ज नाही हे तरी समजून घ्या. लिमिट पाच लाख असली आणि दोन लाख बारा दिवस वापरले तर व्याज दोन लाखांवर, बारा दिवसांचं. पैसे आले की खात्यात टाकले, व्याज थांबलं. गळफास कधी होते? जेव्हा खातं वर्षभर लिमिटला चिकटून राहतं आणि खाली येतच नाही. तसं दिसलं की ओळखायचं, हा आता पैसे येईपर्यंतचा पूल राहिला नाही, कुठेतरी पैसा कायमचा अडकलाय. स्टॉकमध्ये नाहीतर कुणाच्या तरी उधारीत.

आणि इथेच खरा निर्णय असतो, घ्यायचं की नाही. दादाकडे या वेळी दोन भोकं होती. एक कॉन्ट्रॅक्टर, शाळेच्या कामाचा. तीन लाखांचा माल आणून तीन लाख छत्तीस हजारांना दिला, छत्तीस हजार सुटणार. सप्लायरला तीस दिवसांत द्यायचे, हा साठ दिवसांनी देणार. याआधीची त्याची चार बिलं मी लेजरमध्ये बघितली, दर वेळी बोललेल्या तारखेच्या आठवडाभरात पैसे आलेत. मधले तीस दिवस सीसीने भरले तर खर्च साधारण 2,700. छत्तीस हजारांतून 2,700 गेले तरी धंदा आहे. समजा त्याने साठऐवजी एकशेऐंशी दिवस लावले, तर साडेतेरा हजार, चरफडाल पण तरून जाल. तेच शेकडा तीनने पाच महिने ओढलं तर पंचेचाळीस हजार, म्हणजे नफा गेला आणि वर नऊ हजार घरचे. म्हणून मी एवढंच बघतो, गिऱ्हाईकाने सांगितलेल्या तारखेच्या तिप्पट उशीर केला तरी व्याज नफ्याच्या आत राहतंय का. नसेल राहत तर ती ऑर्डर उधारीवर घ्यायचीच नाही, निम्मे अ‍ॅडव्हान्स मागायचे.

दुसरं भोक तो बिल्डर. एक लाख ऐंशी हजार, आठ महिने, "फ्लॅट विकला की देतो". याला तारीखच नाही, मग पूल बांधायचा कुठपर्यंत? दादाने ती रोजवसुली नेमकी या भोकासाठी घेतली होती. इथे कर्ज नाही, तगादा लागतो, माल बंद करायचा, लेखी बॅलन्स कन्फर्मेशन सही करून घ्यायचं, हप्ते पाडून पुढच्या तारखांचे चेक मागायचे. वाईट दिसतं, संबंध बिघडतात, मान्य. पण त्याच्या फ्लॅटचं व्याज आपण का भरायचं?

गेल्या मंगळवारी दादाला घेऊन बँकेत गेलो, रिन्यूअलला. स्टॉक स्टेटमेंट दिलं, देणेकऱ्यांची यादी दिली, एकूण उधारी आठ लाख साठ हजार. ऑफिसरने पेन्सिलने नव्वद दिवसांच्या वरची नावं काट मारत नेली, तीन लाख दहा हजार बाद, ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, उरलेल्यावरच. दादा चिडला, "अहो माझेच पैसे आहेत ते!" ऑफिसर म्हणाला, "मग आणा." बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवरूनच दादाने बिल्डरला फोन लावला, आठ महिन्यांत पहिल्यांदा जरा चढ्या आवाजात. वीस हजारांचा चेक शनिवारी आलाय. वटला की कळवतो.