कोर्स संपला? आता काहीही करू नका

सर्टिफिकेट आलं ना भावा? मग आता डोकं अजिबात लावायचं नाही. स्टेटस टाकायचा, गाडी काढायची, मित्रांना भडंग चारायची आणि दर महिन्याला पैसे कापणाऱ्या त्या ऑनलाइन कोर्सच्या प्लॅटफॉर्मचं तोंडसुद्धा बघायचं नाही परत. तुम्ही शिकून झालात म्हणजे त्यांचं पैसे घेणं पण झालं, असं धरून चालायचं. कंपनीला काळजी असतेच की आपली, पोरगं कोर्स संपवून बसलंय, आता कशाला त्याचे पैसे कापायचे, असा विचार तिथले लोक रात्रभर करत बसलेले असतात.

आमचा सांगलीचा मावसभाऊ (विश्रामबागला राहतो, हुशार आहे, मावशीला विचारा) अगदी असंच वागला. 3 मार्चला सात दिवसांची फ्री ट्रायल घेतली, त्यासाठी यूपीआय ऑटोपेला परवानगी दिली, कारण फुकट गोष्टीला ऑटोपे कशाला लागतो असले प्रश्न म्हातारी माणसं विचारतात. 10 मार्चला पहिले 1,499 गेले. डेटा अॅनालिटिक्सचा कोर्स त्यानं खरंच मन लावून केला, 26 एप्रिलला सर्टिफिकेट आलं, आणि 27 ला त्यानं अॅप डिलीट केलं. मोबाईलमधनं अॅप गेलं म्हणजे विषय संपला. दूधवाल्याला दार उघडलं नाही की तो दूध द्यायचं बंद करतो, तसंच.

खरं तर 10 एप्रिलचे पैसे 9 मेपर्यंत चालणार होते. त्या 26 तारखेलाच अकाउंट सेटिंगमध्ये जाऊन कॅन्सल दाबलं असतं तरी उरलेले दिवस वापरता आलं असतं, एक रुपया वाया गेला नसता. पण एवढ्या घाईनं कॅन्सल करणं म्हणजे जेवण झाल्या झाल्या यजमानाला बिल विचारल्यासारखं, बरं दिसत नाही.

यात एक अडचण आहे, ती मी आधीच सांगून ठेवतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे ऑटो पैसे कापायच्या किमान 24 तास आधी तुम्हाला मेसेज यायला लागतो, कुणाला, किती, कधी, आणि नको असेल तर बंद कसं करायचं हे सगळं त्यात असतं. आता हा मेसेज वाचलात तर सगळा खेळ बिघडेल, म्हणून तो लोनवाल्यांच्या आणि रमीवाल्यांच्या मेसेजमध्ये सुखरूप पडून राहू द्या. वाचलात तरी फार बिघडत नाही म्हणा, कारण बऱ्याचदा त्यात अॅपचं नाव नसतंच, कागदोपत्री कंपनीचं नाव असतं. आमच्या पोराला 9 मेला मेसेज आला, त्याला वाटलं वडिलांच्या कुठल्यातरी विम्याचं असेल.

मग 10 मे, 10 जून, 10 जुलै. तीन वेळा 1,499, म्हणजे 4,497. 12 जुलैला मावशीनं पासबुक भरून आणलं आणि विचारलं, हे दर 10 तारखेला कोण नेतंय रे?

आता इथं तुम्ही काय करायचं, तर सरळ चॅटवर जाऊन भांडायचं, अटी वाचायच्या नाहीत. अटी वाचल्या की भांडण्यातली मजा जाते. यानं लिहिलं, माझा कोर्स 26 एप्रिललाच संपला, त्यानंतर मी एकदाही लॉगिन केलेलं नाही, तीन महिन्यांचे परत द्या. तिकडनं गोड उत्तर आलं की कोर्स पूर्ण झाल्यानं सदस्यत्व आपोआप बंद होत नाही, आणि महिन्याच्या प्लॅनला रिफंड नाही, वापरलं असो वा नसो. वर्षाच्या प्लॅनला 14 दिवस, तेही पैसे भरल्या तारखेपासून. हे सगळं अटींमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं हो. गणपती पेठेत कुठल्याही दुकानाच्या बिलाखाली एका ओळीत असतं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही, तेच या लोकांनी बारा पानं पसरून लिहिलं आणि खाली हिरवं बटण ठेवलं, मान्य आहे. यानं मान्य आहे म्हटलं होतं.

मावशीचा मुद्दा मात्र वेगळाच होता. ती म्हणाली, तू आलाच नाहीस ना तिकडे, मग खाडा धरायला सांग की त्यांना. तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिलेले असतात, गावाला गेलो दोन दिवस, एक दिवस नासलं, आणि महिनाअखेर दूधवाला मुकाट्यानं ते वजा करतो. तिला मी बराच वेळ समजावलं की मावशी, इथं दूध कुणी पितंय का नाही ते बघत नाहीत, दार उघडं ठेवल्याचे पैसे असतात. तिला काही ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही बोलताना पटत नव्हतं.

मग तो कॅन्सल करायला बसला. मोठं निळं बटण, प्लॅन चालू ठेवा. खाली बारीक राखाडी अक्षरात, तरीही कॅन्सल करायचंय. ते दाबलं की विचारतात, का जाताय? मग, एक महिना थांबवून ठेवायचं का? आणि चौथ्या स्क्रीनवर ऑफर, वर्षाचा प्लॅन 9,999 चा फक्त 5,999 ला. (अशी कॅन्सलची वाट मुद्दाम अवघड करणं, फुकट ट्रायलसाठी ऑटोपे मागणं, याला सरकारनं 2023 च्या डार्क पॅटर्नच्या नियमावलीत सबस्क्रिप्शन ट्रॅप म्हणून नाव घेऊन मनाई केलीय. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. लावू नका, लागला तर उगाच तक्रार नोंदवायला लागेल.)

तर पोरानं गेलेले 4,497 वसूल करायचे म्हणून 5,999 भरले. असं वसूल करणं तुम्हालाही जमायला हवं. पण यावेळी हा शहाणा झाला होता, त्यानं अटी उघडून रिफंडची ओळ शोधली, 12 जुलैला भरले म्हणजे 26 पर्यंत मुदत, तोवर बघू, नाही आवडलं तर पैसे परत. मग अर्धवट राहिलेला एक छोटा एक्सेलचा कोर्स होता, तो पाच-सहा दिवसांत संपवला, 18 ला सर्टिफिकेट डाउनलोड केलं, आणि 20 ला, म्हणजे मुदतीच्या सहा दिवस आधी, छाती काढून रिफंड मागितला.

नाही मिळाला. ती ओळ त्यानं वाचली होती, पुढची नव्हती. मुदतीत सर्टिफिकेट घेतलं असेल तर परतावा नाही.

मी म्हटलं, बाबा, पैसे गेले ते गेले, निदान आत्ताच कॅन्सल करून टाक, वर्षभर वापरता येतंय तरीही, फक्त पुढचे कापणार नाहीत. तो म्हणाला, आत्ता कशाला, पुढच्या जुलैला बघू, लक्षात राहतंय की. मावशी पेन घेऊन कॅलेंडरपाशी गेली, 12 जुलै शोधला, मग तिच्या लक्षात आलं की हे यंदाचं आहे, आणि पुढच्या वर्षीचं कॅलेंडर अजून बाजारात यायचंय.