काकूंचा लॅपटॉप आणि हरवलेली तीन मिनिटं

मे महिन्यात नागपुरात काहीही बिघडलं तरी उन्हावर ढकलून मोकळं होता येतं. 2 मे 2025, शुक्रवारी मीही तेच करणार होतो. आदल्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुटी, पोटात तर्री-पोहे, आणि साडेदहाला पाहतो तर कूलरसमोरची गर्दी त्या दिवशी माझ्या टेबलाभोवती.

"भाऊ, लॉगिनच होऊन नाही राह्यलं."

आमचं रजा आणि प्रवासबिलांचं सॉफ्टवेअर चालतं आमच्याच मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर, पण पासवर्ड विचारतो पुण्याच्या हेड ऑफिसचा सर्व्हर. तो माणूस ओळखतो, "हा आपलाच" अशी सही-शिक्क्याची चिठ्ठी लिहितो आणि ब्राउझरच्या हाती देतो. ब्राउझर ती आणून आमच्या सर्व्हरला दाखवतो. या व्यवहाराला सॅमल म्हणतात. त्या दिवशी पुण्यात पासवर्ड बरोबर ठरत होता, मोबाइलवरचा कोडही चालत होता, आणि आमच्या दारात आल्यावर माणूस बाहेर. पुण्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "आमच्याकडे लॉगिन सक्सेसफुल दिसतंय." आयटीवाला हे वाक्य बोलला की समजावं, त्याचा चहा निवांत होणार आहे.

साहेबांनी केबिनमधूनच निदान केलं. "सर्टिफिकेट संपलं असन."

साहेबांचा दोष नाही. मागच्या वर्षी खरंच तसं झालं होतं. पुण्याने सहीचं सर्टिफिकेट बदललं, आम्हाला कळवायचं राहिलं, आणि आमचा सर्व्हर जुन्या सर्टिफिकेटवरून नवी सही तपासत बसला. तेव्हापासून पंखा बंद पडला तरी साहेब सर्टिफिकेट विचारतात. मी त्यांच्यासमोर कमांड मारली.

```
openssl x509 -enddate -noout -in idp.pem
```

तारीख अजून वर्षभर लांब होती. पुण्यानेही काही बदललं नव्हतं. साहेब म्हणाले, "तरी एकदा नवीन मागवून घे."

तेवढ्यात अकाउंट्सच्या काकूंचा आवाज आला. "मायं तं होऊन राह्यलं."

काकूंचा लॅपटॉप म्हणजे ऑफिसातली सर्वांत मंद वस्तू, त्यात शिपायाची सायकलही धरावी. चिठ्ठी घेऊन आमच्या दारात यायला बाकीच्यांना सेकंदभर लागतो, काकूंना चार. नवीन लॅपटॉपचा त्यांचा अर्ज मी तीनदा परत पाठवला होता. आणि त्या दिवशी आत जात होत्या फक्त काकू! दुपारपर्यंत लोक ब्राउझरची प्रायव्हेट खिडकी उघडून काकूंच्याच लॅपटॉपवर रांगेने बिलं भरू लागले. काकूंनी शेजारी खुर्ची ठेवली, शिस्त लावली. शनिवारीही तोच दरबार.

इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. सर्टिफिकेटचं भांडण असतं तेव्हा एका क्षणापासून सगळ्यांचंच बंद होतं, तिथे काकू आणि साहेब असा भेदभाव नसतो. काहींचं चालतं, काहींचं नाही, आणि तेही मंदांचं चालतं, असा चावटपणा करणारी वस्तू एकच, घड्याळ. पण मी लोकांचे ब्राउझर साफ करत बसलो. दोन दिवसांत पंधरा जणांच्या कुकीज उडवल्या, त्यांची बाकीची लॉगिनंही उडाली, ते वेगळंच महाभारत.

सोमवारी काकूंचंही बंद पडलं. आता मात्र मी सर्व्हरचा लॉग उघडला. (तीन दिवस का नाही उघडला, हे साहेबांनीही विचारलं.) त्यात स्वच्छ लिहिलं होतं:

```
Current time is earlier than NotBefore condition
```

मग ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधून काकूंची चिठ्ठी पकडली, उलगडली. आत ही ओळ.

```
<saml:Conditions NotBefore="2025-05-05T05:12:40Z"
                 NotOnOrAfter="2025-05-05T05:17:40Z">
```

हा चिठ्ठीचा मुहूर्त. या वेळेआधी चालणार नाही, त्या वेळेपासून पुढेही नाही, मध्ये पाच मिनिटं. शेवटचा `Z` म्हणजे ही वेळ यूटीसी, आपल्या साडेपाच तास मागची. तेव्हा 05:12:40 म्हणजे आपले सकाळचे 10 वाजून 42 मिनिटं 40 सेकंद. झीरो माइलच्या खांबावरून आपण देशाची अंतरं मोजल्याचा रुबाब मिरवतो, पण वेळेच्या बाबतीत नागपूरला कुणी विचारत नाही. चिठ्ठी आमच्याकडे पोचली 10:42:44 ला. त्या वेळी आमच्या सर्व्हरच्या घड्याळात होते 10:39:39. सर्व्हरच्या दृष्टीने काकू तीन मिनिटं एक सेकंद भविष्यातून आल्या होत्या.

घड्याळं थोडी इकडेतिकडे असतात म्हणून आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 180 सेकंदांची माफी ठेवलेली आहे. काकू 181 वर. एका सेकंदाने हुकल्या.

आता हिशेब जुळला. आमचं घड्याळ सोमवारी 185 सेकंद मागे होतं आणि दिवसाला साधारण एक सेकंद गमावत होतं. म्हणजे शुक्रवारी 182. बाकीच्यांची चिठ्ठी सेकंदात पोचायची, फरक उरायचा 181, दार बंद. काकूंची चार सेकंदांनी पोचायची, तोवर आमचं घड्याळ चार सेकंद पुढे सरकलेलं, फरक 178, दार उघडं. शनिवारी 179, तरी आत. ज्या रेंगाळण्याला आम्ही वर्षभर हसलो, त्यानेच दोन दिवस ऑफिस चालवलं.

185 दिवस मागे मोजले तर 1 नोव्हेंबर 2024 येतो. दिवाळी! सुटीत कुणी नाही म्हणून त्याच दिवशी नवीन फायरवॉल बसवली होती. बसवणारा अर्थातच मी. त्यात यूडीपीचं 123 नंबरचं पोर्ट उघडायचं राहिलं, आणि सर्व्हर बाहेरच्या घड्याळाला वेळ विचारतो तो नेमका तिथूनच. विचारणं बंद पडल्यावर तो आपल्या क्वार्ट्झच्या अंदाजाने चालत राहिला. `timedatectl` मारलं तर उत्तर आलं:

```
System clock synchronized: no
NTP service: active
```

सर्व्हिस हजर, काम शून्य. असे दोन-तीन नग आमच्याकडे पगारावर आहेत.

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तीन मिनिटांनी काय होते बे? आपल्या इथं लग्न दीड तास पुढं जाते." मग त्यांनी तोडगा काढला, 180 ची माफी 600 करून टाक. करता आलं असतं. पण त्याने कुणाची चोरलेली चिठ्ठीही तेवढी जास्त वेळ चालते, आणि घड्याळ तर मागे पडतच राहतं. पुन्हा बंद कधी पडेल म्हणून साहेबांनी विचारलं. मी 600 मधून 185 वजा केले, म्हटलं, पुढच्या वर्षी जूनच्या शेवटी.

साहेब क्षणभर गप्प. "मी मार्चमध्ये रिटायर होतो," ते म्हणाले. "करून टाक."

मी पोर्ट उघडलं. वेळ जुळवणाऱ्या क्रोनी सर्व्हिसला तसंच सोडलं तर ती घड्याळ हळूहळू ओढत आणते, म्हणून `sudo chronyc makestep` मारून एका उडीत पुढे आणलं. मिनिटाभरात सगळ्यांचं लॉगिन सुरू. काकूंच्या शेजारची रिकामी खुर्ची शिपायाने उचलून नेली.

संध्याकाळी काकू माझ्या टेबलापाशी आल्या. हातात नवीन लॅपटॉपचा चौथा अर्ज. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: "सध्याचा लॅपटॉप वेळेवर पोचत नाही."

मी मंजूर केला. जुना मात्र माझ्या कपाटात ठेवून घेतलाय.